अपूर्णांक-टक्के-वर्गांचा तक्ता पाठ आहे, पण अ‍ॅप्टिट्यूडच्या पेपरात हात चालत नाही

रेवती_क

नमस्कार मंडळी,

अ‍ॅप्टिट्यूडच्या तयारीला लागल्यापासून सगळीकडे एकच सल्ला मिळाला की तक्ता पाठ करा. तो मी केला. १/२ पासून १/३० पर्यंतचे टक्के आणि १ ते ५० चे वर्ग. कुणी विचारलं की १/१८ किती, तर न थांबता ५.५६ सांगते. ३७ चा वर्ग विचारला तर १३६९.

तरीही मॉक टेस्टमध्ये काही उपयोग होत नाहीये. दोन प्रश्न देते, म्हणजे अडचण कळेल.

पहिला डेटा इंटरप्रिटेशनमधला. एकूण १२६३ पैकी ४५७, तर टक्के किती? पर्याय ३५.१, ३६.२, ३७.४, ३८.९. तक्त्यात असा अपूर्णांकच नाही, म्हणून सरळ लांब भागाकार केला. वेळ गेला.

दुसरा: एका वस्तूची किंमत ३७ १/२ टक्क्यांनी वाढली. खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा लागेल? मी १०० चे १३७.५ केले आणि ३७.५ भागिले १३७.५ करत बसले.

माझा तक्ता अपुरा आहे का? १/४० पर्यंत वाढवू का? की पाठ करायची पद्धतच चुकते आहे? ज्यांचा या सेक्शनमध्ये हात बसला आहे त्यांनी कृपया सांगा.

---

पाटीपेन्सिल

पहिल्या प्रश्नाला तक्ता लागतच नाही. अंश आणि छेद दोन्हीतून सारखी संख्या काढून टाकायची. इथे ७ काढा. ४५०/१२५६ झालं, ते जवळजवळ ४५०/१२५०, म्हणजे ३६. पर्याय ३६.२. झालं.

मी सगळे डीआयचे प्रश्न असेच सोडवतो, उत्तरं बरोबर येतात.

---

हातचा_एक

रेवती, तक्ता वाढवू नका. उलट कमी करा. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे, आणि पाठांतर चोख असूनही पेपरात अडणारी मुलं नेहमी एकाच ठिकाणी अडतात. त्यांनी तक्ता १/८ म्हणजे १२.५ या दिशेनं पाठ केलेला असतो. पेपर मात्र तो उलट दिशेनं विचारतो. पेपरात ३७ १/२ टक्के लिहिलेलं असतं आणि डोळ्यांना तिथे ३/८ दिसायला हवं. १/८ विचारल्यावर १२.५ सांगता येणं आणि ३७ १/२ पाहिल्यावर ३/८ दिसणं ही दोन वेगळी पाठांतरं आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न घ्या. ३७ १/२ टक्के वाढ म्हणजे ३/८ वाढ. जुनी किंमत ८ भाग धरली तर नवी ११ भाग. खर्च तोच, म्हणून वापर ११ वरून ८ वर येणार. कमी झाले ३, कशातून? ११ मधून. ३/११. आता तक्ता सुलट वापरा: १/११ म्हणजे ९.०९, तिप्पट २७.२७. भागाकार कुठेच नाही. १३७.५ हा आकडा कागदावर उमटला की समजायचं, आपण लांबच्या रस्त्याला लागलो.

यातून निघणारी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. वाढ a/b असेल तर मूळ जागी येण्यासाठीची घट a/(a+b). १/४ वाढ, १/५ घट. १/६ वाढ, १/७ घट. म्हणून १६ २/३ आणि १४ २/७ हे आकडे प्रश्नात आणि पर्यायांत जोडीनं फिरत असतात.

मी मुलांना देतो तो तक्ता एवढाच आहे. निम्मा, तिसरा, चौथा, पाचवा, दहावा, विसावा भाग सगळ्यांना येतोच, म्हणून ते धरलेले नाहीत.

| पेपरात दिसतं | मनात उमटायला हवं | दशांशात |
|---|---|---|
| १६ २/३ | १/६ | १६.६७ |
| १४ २/७ | १/७ | १४.२८५७ |
| १२ १/२ | १/८ | १२.५ |
| ११ १/९ | १/९ | ११.११ |
| ९ १/११ | १/११ | ९.०९ |
| ८ १/३ | १/१२ | ८.३३ |
| ६ २/३ | १/१५ | ६.६७ |
| ६ १/४ | १/१६ | ६.२५ |

डावा रकाना झाकून नाही, मधला आणि उजवा झाकून सराव करा. आणि यांच्या पटी कराच. ८ च्या पटी (३७.५, ६२.५, ८७.५) आणि ७ च्या पटी सगळ्यात जास्त येतात. सातसाठी १४-२८-५७ एवढं धरलं की १४२८५७ ही साखळी मिळते, आणि सातच्या सगळ्या पटी याच साखळीत कुठूनतरी सुरू होतात. २/७ = २८.५७, ३/७ = ४२.८५, ४/७ = ५७.१४, ५/७ = ७१.४२, ६/७ = ८५.७१. सुरुवात कुठून करायची ते साखळीतले अंक चढत्या क्रमानं लावले की कळतं: १, २, ४, ५, ७, ८. तिसरी पट तिसऱ्या अंकापासून, म्हणजे ४ पासून.

आता पहिला प्रश्न. तक्त्यात ४५७/१२६३ कधीच असणार नाही. तक्ता हे पाय रोवायचं ठिकाण आहे, तिथून दोन पावलं चालावी लागतात. १२६३ चा तिसरा भाग ४२१. म्हणजे ३३.३३ टक्के तर झाले. उरले ३६. बाराशे त्रेसष्टाचा एक टक्का १२.६, म्हणून ३६ म्हणजे तीन टक्क्यांना थोडे कमी, साधारण २.८५. बेरीज ३६.१८. पर्याय दुसरा. रफ कागदावर फक्त ४२१ आणि ३६ लिहावे लागले.

पाटीपेन्सिल, तुमचं उत्तर बरोबर आलं, पण पद्धत तशी नाही. पुढच्या प्रतिसादात लिहितो, हा आधीच लांबला.

---

हातचा_एक

दोन्हीतून सारखी संख्या काढली की अपूर्णांक बदलतो. एकापेक्षा लहान अपूर्णांक असेल तर तो नेहमी कमी होतो. ४५०/१२५६ खरं तर ३५.८३ आहे. मग तुम्ही १२५६ चे १२५० केले, त्यानं तो पुन्हा वर चढून ३६ झाला. दोन चुका एकमेकींवर पडल्या म्हणून निभावलं.

१८९/२६३ वर करून बघा. दोन्हीतून ६३ काढले तर १२६/२००, म्हणजे ६३ टक्के. खरं उत्तर ७१.८६.

तुमच्या कल्पनेत दम आहे, फक्त काढायचं प्रमाणात. छेदातून १०० काढले तर अंशातून उत्तराच्या टक्क्यांइतके काढायचे. १८९/२६३ हे साधारण ७२ टक्के आहे असा अंदाज आला, तर छेदातून ६३ काढताना अंशातून ६३ चे ७२ टक्के, म्हणजे ४५ काढा. १४४/२०० = ७२. जवळ आलो.

रेवतीचा प्रश्न तसाच. अंदाज ३६. छेदातून ६३ काढले, अंशातून ६३ चे ३६ टक्के, म्हणजे २३ च्या जवळपास. ४३४/१२०० = ३६.१७. ही पद्धत तिसऱ्या भागाच्या पद्धतीपेक्षाही बरी, कारण शेवटी १२ नं भागायचं असतं आणि ते तोंडी जमतं. पहिला अंदाज एकदोन टक्क्यांनी चुकला तरी फारसं बिघडत नाही, कारण तो फक्त काढून टाकलेल्या ६३ वर लागतो, अख्ख्या १२६३ वर नाही. पण हेच लक्षात ठेवून छेदातून कमीत कमी काढायचं. १२६३ चे १००० करायला गेलात तर अंदाजातली चूक पाचपट महाग पडते.

---

पाटीपेन्सिल

हे प्रमाणात काढायचं माहीत नव्हतं. पण पर्याय लांब लांब असतील तर माझंही चालेलच ना? परीक्षेत बरोबर गोल भरणं महत्त्वाचं.

---

संध्यारंग

माझी थोडी वेगळी अडचण आहे. मला ज्या कंपनीची चाळणी परीक्षा द्यायची आहे तिथे स्क्रीनवर कॅल्क्युलेटर देणार आहेत. मग हा सगळा तक्ता मी का करू? वर्ग तर मुळीच नको वाटतात. की फक्त स्पर्धा परीक्षांसाठी हे आहे?

---

हातचा_एक

संध्यारंग, स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा माउसनं एकेक अंक दाबून चालवावा लागतो. ४५७ भागिले १२६३ गुणिले १०० एवढं दाबताना एखादा अंक चुकला तर उत्तर चुकल्याचं कळतही नाही. आधी तिसरा भाग ४२१ एवढं मनात असेल, तर उत्तर ३३ च्या थोडं वर येणार हे माहीत असतं आणि ३.६२ किंवा ४६ आलं की हात थांबतो. तुमच्यासाठी तक्ता एवढ्या कामाचा आहे. १/१६ च्या पुढे जाऊ नका. वर्गांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, कॅल्क्युलेटर असेल तर ते सोडा.

---

मुसाफिर_गणिती

छान चर्चा. रेवतीच्या पहिल्या प्रश्नाला माझा रस्ता वेगळा. ३६ म्हटलं की मला ४/११ दिसतं, कारण ११ च्या पटी ९ च्या पाढ्यानं जातात: ९.०९, १८.१८, २७.२७, ३६.३६. १२६३ चे ४/११ म्हणजे ४५९ च्या किंचित वर. आपल्याकडे ४५७, म्हणजे सव्वादोन कमी. एक टक्का १२.६ तर सव्वादोन म्हणजे ०.१८. उत्तर ३६.१८. पाय जितका उत्तराच्या जवळ रोवला तितकं कमी चालावं लागतं.

हातचा_एक यांच्या तक्त्यात १/१३, १/१७, १/१९ नाहीत ते मला पटत नाही. हे तीन येतात, आणि पाठ न करताही मिळतात.

१/१९: विसावा भाग ५, त्याचे ५ टक्के ०.२५, पुन्हा त्याचे ५ टक्के ०.०१२५. बेरीज ५.२६. एकोणीसनं भागताना विसानं भागून थोडं वाढवतो, तेच हे.

१/१७: १७ × ३ = ५१. पन्नासावा भाग २, म्हणून एक्कावन्नावा १.९६. तिप्पट ५.८८.

१/१३: ७ × ११ × १३ = १००१. म्हणून १/१३ म्हणजे ७७/१००१. ७७ भागिले १००० असतं तर ७.७, इथे छेद हजारापेक्षा एकानं मोठा म्हणून किंचित कमी, ७.६९. याच १००१ मधून १/७ पण निघतो, १४३/१००१.

हे समजून केलं की विसरायला होत नाही.

---

रेवती_क

हातचा_एक सर, मुसाफिर दादा, दोघांचे मनापासून आभार. ३७ १/२ चा प्रश्न ८ आणि ११ नं केल्यावर दोन ओळींत सुटला.

दोन शंका. एक, प्रश्नात १४ २/७ असं लिहिलेलं असतं तेव्हा अपूर्णांकातला छेदच ७ आहे, म्हणून सातवा भाग असं ओळखता येतं का? पण मग ६ २/३ मध्ये छेद ३ आहे आणि उत्तर १/१५.

दोन, वर्गांचं काय करायचं? ५० पर्यंत पाठ आहेत पण पेपरात वर्ग फारसे विचारतच नाहीत.

---

हातचा_एक

पहिल्या शंकेचं उत्तर: तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते अर्धं ओळखपत्र आहे. १०० ला छेदानं भागताना छेदातले २ आणि ५ हे घटक १०० मध्ये खपून जातात, २ दोनदा आणि ५ दोनदा. जे खपत नाही ते शिल्लक दिसतं. १५ मधला ५ खपला, ३ उरला. १२ मधला ४ खपला, ३ उरला. १४ मधला २ खपला, म्हणून १/१४ हा ७ १/७ असा दिसतो. म्हणजे शेवटी ७ दिसला तर छेद ७, १४, २८ किंवा ३५ असू शकतो. मग आकडा बघायचा: १४ च्या आसपास असेल तर सातवा भाग, ७ च्या आसपास तर चौदावा, आणि ४२ असेल तर सातव्या भागाची तिप्पट.

दुसरी शंका. वर्ग २५ पर्यंत पक्के ठेवा, पुढचे तिथूनच निघतात. ५० पासून किती दूर ते बघा. ६८ हा ५० पेक्षा १८ नं जास्त. २५ मध्ये १८ मिळवा, ४३. हे शेकडे. त्यात १८ चा वर्ग ३२४ मिळवा: ४३०० + ३२४ = ४६२४. खालच्या बाजूला वजा करायचं. ३८ हा १२ नं कमी, २५ − १२ = १३, १३०० + १४४ = १४४४. ७५ च्या पुढे १०० पासून मोजा. ८८ हा १२ नं कमी, ८८ − १२ = ७६, म्हणून ७६०० + १४४ = ७७४४. शंभराच्या वरही तसंच: ११२ + १२ = १२४, म्हणजे १२५४४.

आणि वर्ग विचारत नाहीत असं नाही. ते वेषांतर करून येतात. सलग दोन वर्षं १२ टक्के वाढ, एकूण किती? ११२ चा वर्ग १२५४४, म्हणून २५.४४ टक्के. सलग दोनदा १८ टक्के? ११८ + १८ = १३६, १३६०० + ३२४ = १३९२४, म्हणून ३९.२४. आधी १२ टक्के वाढ मग १२ टक्के घट? १२ चा वर्ग १४४, म्हणून १.४४ टक्के तोटा. ६८ × ७२? सत्तरचा वर्ग उणे दोनचा वर्ग, ४८९६.

मुसाफिर, १/१९ आणि १/१७ तुम्ही काढून दाखवलेत ते सुंदर आहे. तरी मी तक्त्यात घेणार नाही. पेपर काढणाऱ्याला उत्तर नीट यायला हवं असतं, म्हणून तो ७, ८, ९, ११, १२ भोवतीच घुटमळतो. डीआयमध्ये १७ चा छेद आला तर विसाव्या भागावरून चालत जाता येतंच.

---

मुसाफिर_गणिती

नफा-तोट्याच्या प्रश्नांत ५ ५/१९ आणि ५ १५/१७ मी स्वतः पाहिलेत. वजनात फसवणारा दुकानदार ९५० ग्रॅम देऊन किलोचे पैसे घेतो, त्याचा नफा ५०/९५० म्हणजे १/१९ येतो. हा तर ठरलेला प्रश्न आहे. त्यामुळे १९ सोडायला मी तयार नाही.

---

हातचा_एक

९५० ग्रॅमचा मुद्दा मान्य. पण तिथे उत्तर म्हणून ५ ५/१९ लिहायला १०० भागिले १९ केलं तरी पुरतं, ५ पूर्ण आणि ५ बाकी. पाठ असायची गरज मला तरी दिसत नाही.

---

पाटीपेन्सिल

अजून एक विचारतो. मी १४ टक्के आले की सरळ ७ नं भागतो, ११ टक्के आले की ९ नं, ३३ आले की ३ नं. यात काही वावगं आहे का? मला तर हाच तक्त्याचा खरा उपयोग वाटतो.

---

हातचा_एक

इथे मात्र सांभाळा. १४ आणि १४.२८५७ मधला फरक ०.२८ दिसतो, पण तो १४ च्या तुलनेत मोजायचा असतो, आणि तसा तो दोन टक्के आहे. म्हणजे तुमचं उत्तर दर शंभरामागे दोननं जास्त येणार. ३६५० चे १४ टक्के ५११. ७ नं भागलं तर ५२१. पर्यायांत ५११ आणि ५२१ दोन्ही असतील तर तुम्ही हमखास चुकीचा गोल भराल, आणि ५२१ तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. ३३ ऐवजी तिसरा भाग घेतला तर चूक एक टक्का. ११ ऐवजी नववा भाग, तीही एक टक्का.

मी असं करतो. प्रश्न वाचल्यावर आकडेमोडीच्या आधी पर्याय बघतो आणि सगळ्यात जवळचे दोन निवडतो. ५११ आणि ५२१ मध्ये १० चा फरक, म्हणजे दोन टक्के. माझी तडजोड त्याच्या निम्म्याहून मोठी असेल तर तडजोड करायची नाही. ४६० आणि ५२० असे पर्याय असतील तर खुशाल ७ नं भागा. तुम्ही आधी विचारलं होतं की पर्याय लांब असतील तर चालेल का, त्याचंही उत्तर हेच. फक्त दोन्हीतून सारखं काढण्यात चूक किती होते ते आधी कळत नाही, म्हणून ती पद्धत सोडाच.

आणि १४ टक्के मुळातून करणंही अवघड नाही. ३६५० चे १० टक्के ३६५, ४ टक्के १४६, बेरीज ५११. जे आकडे तक्त्यात बसत नाहीत, १४, १७, २३ वगैरे, ते १० आणि १ च्या तुकड्यांनीच करावेत. कधी उलटवूनही बघावं: ३६ टक्के ७५ चे म्हणजे ७५ टक्के ३६ चे, २७.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

बराच वेळ नुसती वाचत होते. चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांच्या फरकाचा प्रश्न मला नेहमी अडवतो. दोन वर्षांसाठी दर ८ १/३ टक्के, दोन्ही व्याजांतला फरक २५, मुद्दल किती? मी सूत्रात २५/३ घालून वर्ग करते आणि गोंधळ होतो. हा तक्ता इथे बसतो का?

---

मुसाफिर_गणिती

बसतो, आणि अगदी चपखल बसतो. ८ १/३ म्हणजे १/१२. दोन वर्षांत दोन्ही व्याजांतला फरक म्हणजे पहिल्या वर्षाच्या व्याजावर दुसऱ्या वर्षी मिळालेलं व्याज. मुद्दलाचा बारावा भाग पहिल्या वर्षी व्याज, आणि त्याचा पुन्हा बारावा भाग हा फरक. म्हणजे मुद्दलाचा १/१४४. तो २५ आहे, तर मुद्दल २५ × १४४ = ३६००.

दर १४ २/७ असता तर ४९ नं गुणलं असतं, ६ १/४ असता तर २५६ नं. वर्गांचा तक्ता आणि अपूर्णांकांचा तक्ता इथे एकमेकांना भेटतात. दर सरळ १६ असेल तर १६ चा वर्ग २५६, म्हणून फरक मुद्दलाच्या २.५६ टक्के. फरक ३२० दिला असेल तर मुद्दल १२५००. ३२० भागिले २.५६ जड वाटलं तर १६ टक्के म्हणजे ४/२५ धरा, वर्ग १६/६२५, आणि ३२० ला १६ नं भागून ६२५ नं गुणा.

एक जपा. हे फक्त दोन वर्षांसाठी आहे. तीन वर्षांचा फरक असा नुसत्या वर्गावर येत नाही.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

"पहिल्या व्याजावरचं व्याज" असं म्हटल्यावर सूत्राची गरजच उरली नाही. धन्यवाद.

---

रेवती_क

आज स्वतः एक घेऊन पाहिला, तपासून द्या. १५४७ पैकी ५८३.

आधी वाटलं ३५-४० च्या मध्ये. ३७ १/२ म्हणजे ३/८ चा पाय धरला. १५४७ चा आठवा भाग १९३.४, तिप्पट ५८०.१. उरले २.९. एक टक्का १५.४७, म्हणून २.९ म्हणजे ०.१९. उत्तर ३७.६९.

मग प्रमाणात काढूनही केलं. छेदातून ४७ काढून १५००. अंशातून ४७ चे ३७.५ टक्के, म्हणजे १७.६. उरले ५६५.४. भागिले १५, ३७.६९. दोन्हीकडून सारखंच आलं.

तक्त्यातून १/१६ च्या पुढचं सगळं सध्या बाजूला ठेवलं आहे. १९ ठेवू की नको ते अजून ठरत नाही.

आता शेवटचं. दोन अपूर्णांकांत मोठा कोणता असं विचारलं की मी दोन्ही टक्क्यांत काढते. १७/२३ आणि ३१/४२ मध्ये दोन्ही ७४ च्या आसपास येतात आणि मग कळेनासं होतं.

---

हातचा_एक

उत्तर बरोबर, आणि दोन्ही वाटांनी पडताळलंत ते उत्तम.

तुलनेत पूर्णापासून किती कमी आहेत ते बघा. १७/२३ ला ६/२३ कमी पडतात, ३१/४२ ला ११/४२. आता ६ चे ११ झाले, म्हणजे ५ वाढले, आणि २३ चे ४२ झाले, म्हणजे १९ वाढले. वाढीव तुकडा ५/१९. पाच एकोणिसांश म्हणजे २६.३, आणि ६/२३ म्हणजे २६.१. जो तुकडा जोडला तो मूळ अपूर्णांकापेक्षा मोठा, म्हणून ११/४२ हा ६/२३ पेक्षा मोठा. ३१/४२ ला जास्त कमी पडतं, म्हणून १७/२३ मोठा.

---

मुसाफिर_गणिती

५/१९ काढायला १/१९ लागलाच की! ५.२६ × ५ = २६.३.

पण रेवती, इथे फरक इतका बारीक आहे की मी सरळ तिरकस गुणाकार केला असता. १७ × ४२ = ७१४ आणि ३१ × २३ = ७१३.